दूध संघासाठी 2026 ते 2035 या दशकाची संभाव्य चित्रे
संचालक मंडळाच्या विचारार्थ टिपण. कार्यकारी संचालकांचे कार्यालय, पुणे

संघापुढे दूध भुकटीच्या नव्या प्रकल्पाचा प्रस्ताव आहे आणि त्यासाठी घ्यावयाचे कर्ज फेडण्यास दहा वर्षे लागणार आहेत. या दहा वर्षांत संकलन दर वर्षी थोडे थोडे वाढत जाईल, असे गृहीत धरून प्रस्तावातील आकडेमोड केलेली आहे. मागील दहा वर्षांतील दुष्काळ, लंपी आणि भुकटीच्या दराची घसरण पाहता एकाच गृहीतकावर एवढा खर्च करणे धोक्याचे वाटते. म्हणून येथे तीन वेगवेगळी चित्रे मांडली असून, यांपैकी कोणतेही प्रत्यक्षात आले तरी अंगलट येणार नाहीत असे निर्णय कोणते, एवढाच प्रश्न विचारला आहे. कोणते चित्र खरे ठरेल हे सांगण्याचा हा प्रयत्न नाही.

संघाचे बहुतेक दूध शिरूर, दौंड, इंदापूर आणि पुरंदर या तालुक्यांतून येते, आणि ते मुख्यतः संकरित गायींचे आहे. उरुळी कांचन येथे 1967 मध्ये मणिभाई देसाई यांनी बाएफची स्थापना केल्यानंतर कृत्रिम रेतनाचे काम या भागात रुजले आणि त्यातूनच आजचे संकलन उभे राहिले. मात्र होल्स्टीन रक्ताची गाय उन्हाला नाजूक असते, आणि पहिल्या चित्राचा धागा येथेच आहे.

पहिले चित्र : चारा तुटतो

या चित्रात दशकातील तीन-चार वर्षे कमी पावसाची जातात आणि उन्हाळा लांबतो. हे कल्पनेतले नाही. 2023 च्या खरिपात राज्य शासनाने ज्या चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत आपले चारही तालुके होते. तापमान व आर्द्रता यांचा एकत्रित निर्देशांक 72 च्या वर गेला की संकरित गायीवर ताण येऊ लागतो. ती चारा कमी खाते, दूध कमी देते आणि माजाची लक्षणे नीट दाखवत नाही. उत्पादकाला याचा फटका तीनदा बसतो. आधी लिटर घटतात. मग फॅट व एसएनएफ 3.5 आणि 8.5 च्या खाली गेल्याने पॉइंटमागे दर कापला जातो; आणि गाय वेळेवर गाभण न राहिल्याने भाकड काळ लांबून पुढच्या वर्षाचे दूधही हातचे जाते. संकलनाच्या अहवालात यातला पहिलाच फटका स्पष्ट दिसतो, म्हणून आपण उन्हाळ्याची खरी किंमत नेहमी कमी धरतो.

चाऱ्याची बाजू याहून बिकट आहे. ऊस तोडणीच्या हंगामात मिळणारे वाढे हा आपल्या उत्पादकांचा मोठा आधार आहे. परंतु तोडणी मजुरांच्या टंचाईमुळे हार्वेस्टर वाढत आहेत, आणि हार्वेस्टर वाढ्याचे तुकडे करून ते शेतातच टाकतो. दुसरीकडे इथेनॉलसाठी मक्याची मागणी वाढल्याने पशुखाद्याचा मका महागतो. त्याऐवजी इथेनॉल कारखान्यांतून निघणारा मक्याचा चोथा स्वस्तात मिळतो खरा, पण त्यात बुरशीचे विष असले तर ते दुधात उतरते. दुधातील अफ्लाटॉक्सिन एम-1 ची मर्यादा किलोमागे 0.5 मायक्रोग्रॅम आहे, आणि एखाद्या टँकरचा नमुना त्यापुढे गेला तर प्रश्न त्या टँकरपुरता राहत नाही.

या चित्रात नवा भुकटी प्रकल्प बहुतांश वर्ष अर्ध्या क्षमतेने चालेल, आणि व्याज मात्र पूर्ण भरावे लागेल.

दुसरे चित्र : धोरणाचा आधार सुटतो

जानेवारी 2024 पासून गायीच्या दुधाला लिटरमागे 5 रुपये आणि त्याच वर्षी ऑक्टोबरपासून 7 रुपये अनुदान शासनाने दिले. ते मिळण्यासाठी जनावराच्या कानात बिल्ला, त्याची ऑनलाइन नोंद आणि आधारशी जोडलेले बँक खाते आवश्यक होते. असे अनुदान पुढे कधी मिळेल, कधी मिळणार नाही; त्यावर दर ठरवणारा संघ ते बंद होताच अडचणीत येतो.

आयातीची शक्यताही विचारात घ्यावी लागेल. भारत 2019 मध्ये आरसेप करारातून बाहेर राहिला आणि 2025 च्या ब्रिटनबरोबरच्या करारातही दुग्धक्षेत्र वगळले गेले. भुकटीवर 60 टक्के आयातशुल्क आहे. तरीही प्रत्येक नव्या वाटाघाटीत दूध हा विषय पुन्हा टेबलावर येतो, आणि दहा वर्षांत एखादी फट पडणारच नाही असे मानून कर्ज काढणे योग्य नव्हे. शंभर लिटर गायीच्या दुधातून साधारण साडेआठ ते नऊ किलो भुकटी निघते. त्यामुळे भुकटी किलोमागे वीस रुपयांनी उतरली, तर लिटरमागे पावणेदोन रुपये जातात. आपला नफा एवढा कधीच नसतो.

उलट दिशेची धोरणेही आहेत. सप्टेंबर 2025 मध्ये तूप, लोणी व चीज यांवरील जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला आणि पाकीटबंद पनीर करमुक्त झाले. पुण्याच्या बाजारात पनीर, दही व तूप विकण्याची क्षमता वाढवण्यास हे भुकटीपेक्षा चांगले कारण आहे.

तिसरे चित्र : तंत्रज्ञान पुढे जाते, पण कोणाच्या हातून

लिंगनिर्धारित रेतमात्रेने सुमारे 90 टक्के कालवडी होतात. राज्यात 2015 पासून बैल व वळूंच्या कत्तलीवरही बंदी असल्याने गोऱ्ह्याचा सांभाळ हा उत्पादकावर निव्वळ बोजा आहे, त्यामुळे ही मात्रा गावोगाव पसरेल याबद्दल आम्हांला फारशी शंका नाही. प्रश्न एवढाच की ती मात्रा, गळ्यातील माजदर्शक पट्टा आणि त्यासाठीचे कर्ज संघ देणार की खासगी डेअरी. जो देईल त्याच्याकडे त्या गोठ्याची माहिती आणि पर्यायाने दूध जाईल. प्रयोगशाळेत तयार होणाऱ्या दुग्धप्रथिनांचा धोका मात्र या दशकात आपल्या पिशवीबंद दुधाला होईल असे वाटत नाही. त्यावर वेळ खर्च करू नये.

शिफारशी

तिन्ही चित्रांत तग धरणारी कामे आधी हाती घ्यावीत. मुरघासाची सामूहिक साठवण, पशुखाद्याच्या प्रत्येक खेपेची अफ्लाटॉक्सिन तपासणी, बल्क कूलरना सौर ऊर्जेची जोड, आणि सर्व जनावरांच्या बिल्ल्यांची नोंद संघाच्या खर्चाने पूर्ण करणे, ही ती कामे होत. यांतील मुरघासाला सर्वांत जास्त निधी द्यावा, कारण चारा टिकला तर उत्पादक गाय विकत नाही आणि संकलन टिकते. रेतमात्रेसाठी सभासदांना बिनव्याजी उचल द्यावी. मात्र चाऱ्याची सोय न करता कालवडी वाढवणे म्हणजे पहिल्या चित्राला निमंत्रण देणे होय, हे लक्षात घेऊन दोन्ही योजना एकाच गावात एकत्र राबवाव्यात.

भुकटी प्रकल्प रद्द करू नये, पण आज मंजूरही करू नये. पुष्टकाळातील जादा दुधासाठी तूर्त इतर संघांच्या प्रकल्पांत भाड्याने भुकटी करून घ्यावी. ती प्रतिकिलो महाग पडेल, परंतु कृशकाळात त्यासाठी एक रुपयाही द्यावा लागणार नाही.

निर्णय पुन्हा घेण्यासाठी चार खुणांवर लक्ष ठेवावे : सलग दोन उन्हाळ्यांत संकलनाची घट पंधरा टक्क्यांच्या आत राहते का, भाड्याने भुकटी करण्याचा वार्षिक खर्च कर्जाच्या हप्त्याच्या वर जातो का, आयातशुल्कात बदल होतो का, आणि खासगी डेअरीकडे गेलेल्या सभासदांपैकी किती परत येतात. पहिल्या दोन खुणा अनुकूल आणि तिसरी स्थिर असेल, तरच प्रस्ताव पुन्हा मंडळापुढे यावा. चौथी खूण बिघडली, तर प्रकल्पाऐवजी दर दहा दिवसांचे पेमेंट वेळेवर करण्यासाठी खेळते भांडवल वाढवण्याचा प्रस्ताव आणावा. या खुणांचा आढावा दर वर्षी जूनमध्ये, उन्हाळ्याचे आकडे हाती आल्यावर, घेण्यात यावा आणि त्या बैठकीस किमान दहा गावांतील संस्थांच्या सचिवांना बोलावावे.