१ मार्चपासून कॉफीचे नवे दर

आमच्या नेहमीच्या मंडळींना नमस्कार,

शनिवार, १ मार्च २०२५ पासून कॉफी महागते आहे. कॅपुचिनो आणि लाटे १३० वरून १४० रुपये, अमेरिकानो ११० वरून १२०, फिल्टर कॉफी ४० वरून ४५.

कारण एकच, बिया. आपल्याकडच्या बिया चिकमगळूरच्या. गेल्या वर्षी ८५० रुपये किलोने मिळणारा रोस्ट या महिन्यात १,२५० ला आला. गेल्या वर्षी ब्राझीलमध्ये दुष्काळ पडला, त्याआधी व्हिएतनामला पाऊस दगा देऊन गेला. जगात सगळ्यात जास्त कॉफी पिकते ती या दोन देशांत. याच फेब्रुवारीत अरेबिकाचा जागतिक भाव पाउंडाला ४ डॉलरच्या वर गेला. इतका तो पूर्वी कधीच नव्हता. "पण आपली कॉफी तर कर्नाटकातली!" असं जोशीकाका परवा म्हणालेच. खरंय काका, पण भारतातली बरीचशी कॉफी परदेशात जाते. बाहेर चढा भाव मिळत असताना मळेवाला आपल्याला स्वस्तात का देईल? त्याला चार पैसे जास्त मिळतायत याचं आम्हाला वाईटही वाटत नाही.

आता आमचा हिशोब. एका कपाला १८ ग्रॅम बिया लागतात. सकाळी ग्राइंडर जुळवताना वाया जातात त्या धरून किलोत साधारण ५० कप निघतात. म्हणजे कपामागे नुसत्या बियांचेच ८ रुपये वाढले. वरचे २ रुपये कुठे गेले विचाराल, तर दिवाळीपासून भाव चढत असताना आम्ही दर वाढवले नव्हते, तो खड्डा भरतोय.

१८ चे १५ ग्रॅम करता आले असते. फिल्टरमध्ये चिकोरी वाढवता आली असती. एका व्यापाऱ्याने स्वस्त मिश्रणाचा नमुनाही दिला होता. आम्ही दोघांनी तो करून प्यायलो आणि उरलेली पुडी वास घालवायला फ्रीजमध्ये ठेवली. त्या कामाला उत्तम आहे.

चहा, बनमस्का, साबुदाणा वडा जुन्याच दराने. तलावपाळीला फेरी मारून साडेआठच्या आत येणाऱ्यांना फिल्टर कॉफी ४० लाच मिळेल. तुम्ही आमचं शटर वर जाण्याआधीच दारात उभे असता, तेवढा मान हवाच. दहा कपांचं कार्ड ज्यांनी आधी घेतलंय त्यांनी शेवटच्या कपापर्यंत एक रुपयाही जास्त द्यायचा नाही. आणि सीएच्या अभ्यासाला बसणाऱ्या मुलांनो, एका कॉफीवर तीन तास पूर्वीसारखेच. फक्त शनिवारी संध्याकाळी खुर्ची अडवू नका.

भाव खाली आले तर दरही खाली आणू. ही पाटी तेव्हा इथेच बदललेली दिसेल. भांडायचं असेल तर दुपारी तीन ते चार या. तेव्हा गर्दी नसते.

काउंटरमागचे दोघे
नौपाडा, ठाणे