मंगळवारच्या आढावा बैठकीत बोलणे वारंवार मध्येच तोडले जाण्याबाबत

दिनांक : ३ जुलै २०२५

प्रति,
व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग,
चाकण प्लांट

महोदया,

सप्रेम नमस्कार.

दर मंगळवारी सकाळी ९.१५ ला होणाऱ्या साप्ताहिक आढावा बैठकीत क्वालिटीचे आकडे मी मांडते. त्यासाठी मला १५ मिनिटे असतात. गेल्या पाच बैठकांपैकी चारमध्ये प्लॅनिंगच्या सीनियर मॅनेजर सरांनी मध्येच बोलायला सुरुवात केल्यामुळे माझा विषय अपुरा राहिला. आपल्या प्लांटमध्ये हे पद एकच आहे, आणि अशी पत्रे पुढे पाठवली जातात, म्हणून नाव मुद्दाम लिहिलेले नाही.

खालील नोंदी त्या त्या दिवशीच डायरीत केलेल्या आहेत.

३ जून : ब्रॅकेटच्या रिजेक्शनची दुसरी स्लाइड सुरू असताना "हे सगळ्यांना माहीत आहे, पुढे चला" असे सर म्हणाले. त्या दिवशी एकूण चार वेळा. शेवटच्या तीन स्लाइड दाखवता आल्या नाहीत.

१० जून : सरांनी एकच प्रश्न विचारला, तोही माझे बोलणे संपल्यावर. बैठक वेळेत आटोपली.

१७ जून : ग्राहकाकडून आलेल्या तक्रारीवरचा एट-डी रिपोर्ट होता. ब्रॅकेटचे भोक जागेवरून सरकत होते. पहिल्या आणि तिसऱ्या पाळीचे ३० नग मोजले होते. ऑपरेटर वेगवेगळे, पण भोक एकाच दिशेला सरकलेले. म्हणजे माणसाची चूक नव्हे, फिक्स्चर पाहायला हवे, हे मी सांगणार होते. त्या स्लाइडपर्यंत पोहोचण्याआधीच सरांनी "ऑपरेटर नवीन आहे, ट्रेनिंग द्या" असे सांगितले आणि चर्चा तिकडे वळली. मी दोनदा परत मुद्द्यावर येण्याचा प्रयत्न केला. इतिवृत्तात कारण म्हणून "ऑपरेटरची चूक" नोंदले गेले. १८ तारखेला टूलरूममध्ये लोकेटिंग पिन तपासली, ती झिजलेली निघाली. १९ तारखेला ती बदलली आणि इतिवृत्त दुरुस्त करून घेतले. मधल्या पाळ्यांत आणखी ६४ नग बाद झाले. ज्या मुलाचे नाव चुकीच्या कारणासाठी लिहिले गेले, त्याला ट्रेनिंगचा निरोपही पोहोचला होता. हे पत्र मी मुख्यतः या एका प्रसंगामुळे लिहीत आहे; बाकीचे कदाचित मी सोडून दिले असते.

२४ जून : तीन वेळा. तिसऱ्या वेळी माझाही आवाज चढला. तो चढायला नको होता, हे मी इथेच लिहून ठेवते.

१ जुलै : चार वेळा. आमच्या विभागातल्या डिप्लोमा ट्रेनीने पहिल्यांदाच मोजमापे मांडायला घेतली होती, तिचेही वाक्य पूर्ण झाले नाही.

सरांचा हेतू वाईट आहे असे मला वाटत नाही. त्यांचा अनुभव माझ्यापेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि एप्रिलमध्ये त्यांनी मध्येच थांबवल्यामुळेच माझी एक चुकीची बेरीज ग्राहकाकडे जाता जाता राहिली. मंगळवारी सकाळी डिस्पॅचचा ट्रक गेटवर उभा असतो, त्या घाईचा यात मोठा वाटा असावा. प्रॉडक्शनच्या सहकाऱ्यांनाही ते असेच थांबवतात. त्यामुळे मी स्त्री आहे म्हणून हे होते, असे मी म्हणत नाही. हा विषय २०१३ च्या कायद्याखालच्या अंतर्गत समितीकडे पाठवण्यासारखाही नाही.

१८ जूनला चहाच्या वेळी मी सरांशी स्वतः बोलले. "अहो, मनावर घेऊ नका, ट्रक डोक्यात असतो," असे ते हसून म्हणाले. बोलणे चांगले झाले, पण पुढच्या दोन बैठकांत फरक पडला नाही. २५ जूनला माझ्या विभागप्रमुखांना सांगितले. बैठकीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे नसल्याने त्यांनीच आपल्याला लिहायला सुचवले.

सरांवर कारवाई व्हावी किंवा त्यांच्या फाइलमध्ये काही नोंद व्हावी, अशी माझी मागणी नाही. आपण त्यांच्याशी एकदा बोलावे. प्रत्येक विभागाची वेळ अजेंड्यावर लिहिली जावी आणि प्रश्न मांडणी संपल्यावर घ्यावेत, असे अध्यक्षांनी बैठकीच्या सुरुवातीला सांगावे. मंगळवारची बैठक ट्रक सुटल्यावर, म्हणजे ११ नंतर, घेता आली तर कदाचित निम्मा प्रश्न तिथेच मिटेल. आपल्याला योग्य वाटल्यास सरांसोबत एकत्र बसून बोलायलाही माझी तयारी आहे.

डायरीतल्या नोंदी आणि १७ जूनच्या इतिवृत्ताच्या दोन्ही प्रती, मूळ व दुरुस्त, माझ्याकडे आहेत. दुपारी ३ नंतर मी केव्हाही येऊ शकते. पुढची बैठक ८ जुलैला आहे. त्याआधी बोलता आले तर बरे होईल.

आपली,
स्मिता
क्वालिटी इंजिनियर