सराव पत्रिका: सार्थ अंक (इयत्ता अकरावी, भौतिकशास्त्र प्रात्यक्षिक)

सोबत घ्या: सायंटिफिक कॅल्क्युलेटर, पेन्सिल. वेळ: ४० मिनिटे. उत्तरे शेवटी आहेत, पण आधी स्वतः सोडवा.

व्हर्नियर कॅलिपरचे लघुत्तम माप ०.०१ सेमी असेल, तर वाचन १.२७ सेमी लिहितात. १.२७० लिहिले, तर न मोजलेला अंक मोजला असे सांगितल्यासारखे होते. १.३ लिहिले, तर मोजलेला अंक वाया जातो. सार्थ अंक, म्हणजेच सिग्निफिकंट फिगर्स, हे मोजमाप किती बारकाईने झाले याचा हिशेब ठेवतात.

भाग १: शून्यांचे नियम

शून्य सोडून बाकी सर्व अंक सार्थ असतात. शून्याचे मात्र स्थान पाहावे लागते.

- दोन सार्थ अंकांमधले शून्य सार्थ: ४०.०७ मध्ये चार.
- सुरुवातीची शून्ये कधीच सार्थ नसतात, ती फक्त दशांश चिन्हाची जागा दाखवतात: ०.००४२ मध्ये दोनच.
- दशांश चिन्ह असलेल्या संख्येतली शेवटची शून्ये सार्थ: २.५०० मध्ये चार. ही शून्ये गाळू नका, ती मोजलेली आहेत.
- दशांश चिन्ह नसताना शेवटची शून्ये संदिग्ध: १५०० मीटरमध्ये दोन, तीन की चार? काहीच सांगितले नसेल तर दोन धरतात. स्वतः लिहिताना १.५० × १०³ मीटर असे लिहा, म्हणजे शंकाच उरत नाही.

एकक बदलल्याने सार्थ अंक बदलत नाहीत. २.५० सेमी = २५.० मिमी = ०.०२५० मीटर, तिन्हींत तीनच.

मोजून आलेल्या पूर्ण संख्या (२० आंदोलने) आणि सूत्रातले २ किंवा ४ अचूक असतात. त्यांच्यामुळे उत्तराचे अंक कमी होत नाहीत.

भाग २: उत्तरात किती अंक?

गुणाकार-भागाकारात सर्वांत कमी सार्थ अंक असलेली राशी पाहा. बेरीज-वजाबाकीत सार्थ अंक नव्हे, दशांश स्थाने पाहा: २४.३६ + ०.०६२३ + १०८.२ = १३२.६२२३, उत्तर १३२.६. या दोन नियमांची अदलाबदल ही नेहमीची चूक.

राउंडिंग करताना गाळायचा भाग नेमका ५ असेल, तर आधीचा अंक सम ठेवा: २.७४५ → २.७४ आणि २.७३५ → २.७४. पण २.७४५१ → २.७५, कारण ५ च्या पुढे आणखी काही आहे. राउंडिंग एकाच उडीत करा. ३.७४८ चे दोन सार्थ अंक ३.७, आधी ३.७५ करून मग राउंड केले, तर चुकून ३.८ येते.

भाग ३: राउंडिंग शेवटीच

पितळी वृत्तचिती: वस्तुमान ५२.३५ ग्रॅम, व्यास १.२७ सेमी, लांबी ४.८६ सेमी. घनता काढू.

| पायरी | सर्व अंक ठेवून | प्रत्येक पायरीला तीन अंक |
|---|---|---|
| त्रिज्येचा वर्ग | ०.४०३२२५ | ०.४०३ |
| × π | १.२६६७६८… | १.२७ |
| × लांबी (घनफळ) | ६.१५६४९… | ६.१७ |
| घनता | ८.५०३२… | ८.४८४… |
| उत्तर (ग्रॅम/सेमी³) | ८.५० | ८.४८ |

मोजमापे तीच, तरी उत्तर बदलले. १.२६६ चे १.२७ झाले तेव्हा आलेली चूक पुढच्या प्रत्येक पायरीत वाहत गेली. कॅल्क्युलेटरवर Ans वापरा, मधली संख्या पुन्हा टाइप करू नका. वहीत मधल्या पायऱ्यांना निदान दोन जादा अंक ठेवा. π साठी बटणच वापरा. याच उदाहरणात ३.१४ घेतले तर ८.५१ येते.

मध्ये वजाबाकी असेल तर अंक राखून ठेवा, पण त्यातले सार्थ किती हे पेन्सिलीने खाली रेघ मारून दाखवा. वजाबाकीत सार्थ अंक झपाट्याने घटतात.

भाग ४: सोडवा

१. सार्थ अंक सांगा: ०.००७०८, ६०.०४०, ४.०० × १०³, ०.५०००
२. तीन सार्थ अंकांपर्यंत राउंड करा: ७.१३५१, ०.०६०४५, २९९६०
३. मीठ घातलेले बीकर एका तराजूवर ५८.४ ग्रॅम, रिकामे दुसऱ्या तराजूवर ५७.९२६ ग्रॅम. मिठाचे वस्तुमान?
४. (८.५४ − ८.३१) ÷ २.१५
५. साधा लंबक: L = ९८.६ सेमी, २० आंदोलनांना ३९.८ सेकंद. g = 4π²L/T² वापरून g काढा.

उत्तरे

१. तीन, पाच, तीन, चार.
२. ७.१४, ०.०६०४ (गाळलेला भाग नेमका ५, आधीचा ४ सम), ३.०० × १०⁴ (३०००० लिहिल्यास अंक दिसत नाहीत).
३. ०.५ ग्रॅम. एकच सार्थ अंक उरला! दोन्ही वाचने बारीक तराजूवर घ्यायला हवी होती.
४. ०.११. वजाबाकीनंतर ०.२३, म्हणजे दोनच सार्थ अंक.
५. T = १.९९ सेकंद, g = ९८२.९… → ९८३ सेमी/से². T चे आधीच २.० केले तर ९७३ येते. ९७३ आले असेल, तर चूक तिथेच शोधा.