बायोडाटा : सविता बिराजदार

पद : लाइन सुपरवायझर, शिलाई विभाग (शालेय गणवेश व शर्ट)
वय : ३५ वर्षे
राहणार : विडी घरकुल परिसर, सोलापूर. अक्कलकोट रोड आणि चिंचोळी, दोन्ही एमआयडीसीत वेळेवर पोचू शकते. मोबाईल नंबर अर्जाच्या पाकिटावर लिहिला आहे.

थोडक्यात ओळख

शिलाईत १७ वर्षे झाली. पहिली ६ वर्षे घरी ब्लाउज आणि ड्रेस शिवले, त्यानंतर शर्ट युनिटमध्ये ऑपरेटर आणि पुढे गणवेशाच्या कारखान्यात सॅम्पल टेलर झाले. गेली ३ वर्षे आमच्या लाइनचे सुपरवायझर रजेवर गेले की लाइन मीच चालवते. मागच्या हंगामात तर सलग ४ महिने चालवली. हुद्दा अजून टेलरचाच आहे. काम सुपरवायझरचे करते आहे, तेच आता जबाबदारीने आणि हुद्द्याने करायचे आहे, म्हणून हा अर्ज.

लाइनचे उत्पादन

त्या ४ महिन्यांचे आकडे माझ्या वहीत रोजच्या रोज लिहिलेले आहेत, मुलाखतीला वही घेऊन येईन.

माल : हाफ बाह्यांचा शालेय शर्ट, पॉलिस्टर-कॉटन, एका नगाला १६ मिनिटांचा सॅम. लाइनवर २४ ऑपरेटर, ४ हेल्पर वेगळे. पाळी ४८० मिनिटांची.

लाइन हाती आली तेव्हा दिवसाला ३१० नग निघत होते, म्हणजे कार्यक्षमता ४३ टक्के. सगळे म्हणत होते की मुली हळू आहेत. मी दोन दिवस घड्याळ घेऊन प्रत्येक मशीनजवळ उभी राहिले. बाकी ऑपरेशन तासाला ५० च्या वर जात होती, कॉलर जोडणीवर मात्र ३९ नगच होत होते. तिथली बाई हळू नव्हती, उलट लाइनमधला सर्वांत साफ हात तिचाच. पण गळ्याची मधली खूण तीच करायची, बंडल तीच सोडायची आणि धागाही तीच कापायची. एक हेल्पर खूण आणि बंडलाला लावला, कॉलर बंद करायचे काम शेजारच्या सिंगल नीडलवर वेगळे काढले. तीन आठवड्यांत लाइन ४२० नगांवर आली, कार्यक्षमता ५८ टक्के. माणूस एकही वाढवला नाही आणि ओव्हरटाइमही लावला नाही.

त्यानंतर माल बाही जोडणीवर तुंबू लागला. एक अडथळा काढला की पुढचा दिसतो, म्हणून दर तासाला फळ्यावर आकडा लिहायची पद्धत मी पाडली. दुपारी १२ वाजताच कळते की संध्याकाळी किती निघणार. शाळा जूनमध्ये उघडतात, त्याआधीच्या महिन्यांत आपल्या गावात कुणालाच उसंत नसते. तेव्हा हा फळा फार उपयोगी पडतो.

मशीन

सिंगल नीडल लॉकस्टिच, साधी आणि ऑटो ट्रिमर : रोजचा हात. डबल नीडल, तीन व पाच धाग्यांचे ओव्हरलॉक, फ्लॅटलॉक (खेळाच्या टी-शर्टसाठी), फीड ऑफ द आर्म, काज, बटण आणि बारटॅक : शिवू शकते, शिकवूही शकते. कॉलरचे फ्यूजिंग प्रेस चालवले आहे. कटिंगचे स्ट्रेट नाइफ मशीन चालवत नाही, पण ले आणि मार्कर बघून कापड कुठे वाया जाते ते सांगू शकते.

सुई बदलणे, टेन्शन, लूपरचा धागा, प्रेशर फूटचा दाब आणि इंचाला किती टाके हे स्वतः लावते. शर्टिंगला ११ नंबर, पँटच्या सूटिंगला १४, होजिअरीला बॉल पॉइंट. टाइमिंग बिघडले तर मेकॅनिकला बोलावते. मात्र तो येण्याआधी दोष सुईत आहे, धाग्यात आहे की मशीनमध्ये, हे बघून ठेवते. निम्म्याहून जास्त वेळा सुईच बोथट निघते.

गुणवत्ता तपासणी

माझे मत ठाम आहे : शेवटच्या टेबलावर दोष सापडला तर तो उशिरा सापडला. म्हणून तासाला एकदा प्रत्येक ऑपरेटरच्या बंडलातून ५ नग मी मशीनजवळच बघते. एकात दोष निघाला तर सगळे बंडल तपासते, दोनात निघाला तर मशीन थांबवून कारण शोधते. हे सुरू केल्यावर दुरुस्तीला परत येणारे नग शंभरात ११ वरून ४ वर आले. त्यातला मोठा वाटा बाहीवरच्या चुण्यांचा होता. टेन्शन घट्ट होते, ते सैल केले आणि इंचाला १३ ऐवजी ११ टाके ठेवले.

अंतिम तपासणी एक्यूएल २.५ प्रमाणे करता येते. १,००० शर्टांच्या लॉटमधून ८० नग काढायचे. सदोष नग ५ पर्यंत असले तर लॉट पास, ६ निघाले की लॉट परत. मापाचा तक्ता, सुटलेले टाके, उघडी शिवण, काजाचे धागे, रंगछटेतला फरक हे सगळे नोंदवते. तुटलेल्या सुईचे सगळे तुकडे सापडल्याशिवाय नवी सुई देत नाही. लहान मुलांच्या अंगावर जाणारे कपडे आहेत, यात सूट नाही.

एक चूक माझ्या हातून झाली आहे, तीही लिहिते. २०२२ मध्ये घाईत बंडल नंबरची चिठ्ठी न बघता माल चढवला. दोन थानांच्या छटा मिसळल्या आणि ६० शर्टांच्या बाह्या पुन्हा कापाव्या लागल्या. तेव्हापासून चिठ्ठी नसलेले बंडल माझ्या लाइनवर चढत नाही.

माणसे सांभाळणे

आमच्या लाइनवर मराठी, तेलुगू, कन्नड आणि हिंदी बोलणाऱ्या बाया एकत्र बसतात. मराठी आणि कन्नड माझ्या घरातल्या, तेलुगू मी मशीनवर बसूनच शिकले. ज्या बाईला चूक दाखवायची तिला तिच्या भाषेत, तिच्या मशीनजवळ जाऊन सांगते. फ्लोअरवर ओरडून कुणाचा टाका सरळ झालेला मी पाहिला नाही.

नव्या ९ मुलींना शिकवले, त्यातल्या ७ अजून कामावर आहेत. प्रत्येकीला किमान दोन ऑपरेशन यावीत असा तक्ता केला. त्यामुळे सणाच्या दुसऱ्या दिवशी ५ जणी गैरहजर असल्या तरी लाइन उभी राहत नाही. पीस रेटच्या हिशेबावरून आधी दर शनिवारी वाद व्हायचे. आता रोज सुटताना नगांचा आकडा लिहून ज्याची त्याची सही घेते, वाद बंद झाले.

कामाचा अनुभव

२०१९ पासून आजपर्यंत : शालेय गणवेश कारखाना, अक्कलकोट रोड एमआयडीसी. सॅम्पल टेलर, २०२३ पासून बदली सुपरवायझर. (२०२० च्या लॉकडाउनमध्ये शाळा आणि कारखाना दोन्ही बंद होते, त्या काळात घरी मास्क शिवले.)
२०१४ ते २०१९ : शर्ट युनिट, सोलापूर. ऑपरेटर, कॉलर आणि कफ.
२००८ ते २०१४ : घरगुती शिलाई.

शिक्षण

दहावी, २००६. आयटीआय, कटिंग अँड सुइंग, २००८. इंग्रजी स्पेक शीट वाचून समजते. एक्सेलमध्ये रोजचे उत्पादन भरता येते, सूत्रे अजून शिकते आहे.

अपेक्षा

महिन्याचा ठरलेला पगार, पीस रेट नको. तीन महिने कोणतीही एक लाइन द्या आणि रोजच्या आकड्यांवर मला तपासा. रुजू होण्यासाठी आताच्या मालकांना एक महिन्याची सूचना द्यावी लागेल.

वरील माहिती खरी आहे.

सविता बिराजदार
सोलापूर, १२ जानेवारी २०२६