प्रयोग क्र. 6: पाण्याचा सामू, गढूळपणा आणि विरघळलेला ऑक्सिजन

बी.एस्सी. द्वितीय वर्ष, पर्यावरणशास्त्र प्रात्यक्षिक
गट क्र. 4 (तीन विद्यार्थी)
नमुने घेतले: 18 सप्टेंबर 2025, जळगाव परिसर. अनुमापन त्याच दिवशी पूर्ण.

उद्देश

जळगावच्या आसपासच्या चार ठिकाणच्या पाण्याचा सामू (पीएच), गढूळपणा आणि विरघळलेला ऑक्सिजन मोजणे, आणि डोळ्याला चांगलं दिसणारं पाणी या तिन्ही मोजमापांत कुठे बसतं ते पाहणे. प्रात्यक्षिकाच्या कागदावर पहिला भाग एवढाच होता. दुसरा भाग आम्ही जोडला, कारण नमुने आणण्याआधी गटात पैज लागली होती. नुसत्या नजरेने आम्ही लावलेला क्रम असा: विहीर, नळ, तलाव, नदी.

नमुने

नदी: गिरणा, बांभोरी पुलाच्या खालच्या अंगाला, गुडघाभर पाण्यात उभं राहून, सकाळी 8:15. दोन दिवस आधी पाऊस झाला होता, पाणी चहाच्या रंगाचं.
तलाव: मेहरूण तलाव, काठापासून हातभर आत. दोनदा घेतला, सकाळी 6:40 आणि दुपारी 3:10.
विहीर: पाळधी शिवारातली, कपाशीच्या शेताला लागून, सकाळी 9:30. पंप बंद ठेवून पोहऱ्याने काढलं.
नळ: प्रयोगशाळेतला, पाच मिनिटं वाहू देऊन, सकाळी 11.

तलावाचा नमुना दोनदा घ्यायचं ठरलं नव्हतं. सकाळचा आकडा बघून मॅडम म्हणाल्या, "दुपारी परत जाऊन या." आमची जेवणाची सुट्टी त्यात गेली, पण या अहवालातला सगळ्यात कामाचा आकडा तोच आहे.

ऑक्सिजनसाठी 300 मिलिच्या बीओडी बाटल्या, प्रत्येक नमुन्याच्या तीन. नळी बाटलीच्या तळापर्यंत सोडून, पाणी वरून थोडा वेळ ओसंडू देऊन भरल्या. फेस होऊ द्यायचा नाही, कारण फेस म्हणजे हवा आणि हवा म्हणजे फुकटचा ऑक्सिजन. पहिली दोन रसायनं जागेवरच घातली. सामू आणि तापमानही जागेवरच घेतलं.

कृती

सामू: हातातला मीटर निघण्याआधी 4.0, 7.0 आणि 9.2 च्या बफरवर लावून घेतला. प्रत्येक वाचनाआधी इलेक्ट्रोड ऊर्ध्वपातित पाण्याने धुतला, टिपकागदाने नुसता टिपला. घासायचा नाही.

गढूळपणा: नेफेलोमीटर. पाण्यातले कण प्रकाश विखुरतात, आणि उपकरण 90 अंशांत विखुरलेला प्रकाश मोजतं. शून्यासाठी गाळलेलं ऊर्ध्वपातित पाणी, वरच्या टोकाला 40 एनटीयूचं फॉरमॅझिन द्रावण. नदीचा नमुना 40 च्या वर जाणार हे दिसतच होतं, म्हणून तेवढंच ऊर्ध्वपातित पाणी मिसळून मोजला आणि आलेल्या 34 ला 2 ने गुणलं. नळीवर बोटाचा ठसा राहिला तरी आकडा चढतो. विहिरीच्या नमुन्याचं पहिलं वाचन 2.3 आलं होतं, नळी पुसल्यावर 0.7.

विरघळलेला ऑक्सिजन: विंकलर पद्धत, अझाइड सुधारणेसह. बाटलीत पिपेटचं टोक पाण्याखाली बुडवून 1 मिलि मँगनस सल्फेट आणि 1 मिलि अल्कली-आयोडाइड-अझाइड. झाकण लावून बाटली उलटीसुलटी केली. ऑक्सिजन असेल तर गाळ तपकिरी होतो, नसेल तर पांढराच राहतो. गाळ अर्ध्या बाटलीखाली बसल्यावर 1 मिलि सल्फ्युरिक आम्ल. गाळ विरघळतो आणि पाण्यात जितका ऑक्सिजन होता त्या प्रमाणात आयोडीन सुटतं.

```
Mn2+ + 2OH-              → Mn(OH)2
2Mn(OH)2 + O2            → 2MnO(OH)2
MnO(OH)2 + 2I- + 4H+     → Mn2+ + I2 + 3H2O
I2 + 2S2O3(2-)           → 2I- + S4O6(2-)
```

201 मिलि घेऊन सोडियम थायोसल्फेटने अनुमापन केलं. 200 च्या ऐवजी 201, कारण आधी घातलेल्या 2 मिलि रसायनांनी तेवढं मूळ पाणी बाटलीबाहेर ढकललेलं असतं. रंग गवताच्या फिकट पिवळ्यावर आला की स्टार्च. आधी घातलं तर आयोडीन स्टार्चला चिकटून बसतं आणि शेवट ओढत नेतो. निळा रंग पहिल्यांदा जातो तो अंतिम बिंदू. अर्ध्या मिनिटाने निळसर छटा परत येते, ती धरायची नाही. गटातल्या एकाने ती धरून आणखी दोन थेंब सोडले होते, ते वाचन पुन्हा घेतलं.

थायोसल्फेटची खरी तीव्रता

बाटलीवर 0.025 N लिहिलं होतं. द्रावण मागच्या आठवड्यातलं असल्याने 0.025 N पोटॅशियम डायक्रोमेटवर तपासलं. 10 मिलि डायक्रोमेटला 10.3 मिलि थायोसल्फेट लागलं.

```
N  = (10 × 0.025) / 10.3 = 0.02427
DO = V × 0.02427 × 8 × 1000 / 200 = V × 0.971 मिग्रॅ/लि.
```

तपासलं नसतं तर प्रत्येक आकडा सुमारे 3 टक्के फुगला असता.

निरीक्षणे

| नमुना | तापमान °से. | सामू | गढूळपणा, एनटीयू | थायोसल्फेट, मिलि | ऑक्सिजन, मिग्रॅ/लि. | संपृक्तता, % |
|---|---|---|---|---|---|---|
| नदी | 27 | 8.1 | 68 | 7.2, 7.3, 7.2 | 7.0 | 88 |
| तलाव, सकाळ | 26 | 7.9 | 14 | 4.0, 4.1, (5.3) | 3.9 | 48 |
| तलाव, दुपार | 30 | 9.0 | 17 | 10.9, 11.1, 11.0 | 10.7 | 141 |
| विहीर | 27 | 7.2 | 0.7 | 2.6, 2.7, 2.6 | 2.6 | 32 |
| नळ | 28 | 7.6 | 1.9 | 6.9, 7.0, 6.9 | 6.7 | 86 |

कंसातलं वाचन सरासरीत धरलेलं नाही, कारण खाली दिलं आहे. संपृक्तता समुद्रसपाटीच्या दाबाच्या तक्त्यावरून काढली आहे. जळगाव त्याहून सुमारे 200 मीटर उंच असल्याने खरी टक्केवारी एक ते तीन अंकांनी जास्त भरेल.

चर्चा

नजरेने लावलेला क्रम गढूळपणाला तंतोतंत जुळला आणि ऑक्सिजनला अजिबात नाही. विहिरीचं पाणी काचेसारखं, ऑक्सिजन मात्र सगळ्यात कमी. नदीचं पाणी सगळ्यात गढूळ, तरी सकाळच्या नमुन्यांत ऑक्सिजन तिच्यातच सगळ्यात जास्त.

दोन्हींत विसंगती नाही. भूजलाचा हवेशी संबंध येत नाही, जमिनीतून झिरपताना त्यातला ऑक्सिजन मातीतले जीव वापरतात, आणि खाली अंधारात तो परत तयार करणारं कुणी नसतं. ऑक्सिजन कमी म्हणून विहीर घाण, असं म्हणता येत नाही. उलट पोहरा वर येताना पाणी हिंदकळतं, त्यामुळे विहिरीतला खरा आकडा 2.6 पेक्षाही कमी असण्याची शक्यता आहे. नदीचा गढूळपणा बहुतेक पावसाने वाहून आणलेल्या काळ्या मातीचा. वाहतं, दगडांवर आपटणारं उथळ पाणी हवा घेत राहतं, म्हणून ऑक्सिजन टिकला. हा गाळ कुजणाऱ्या मैल्याचा असता तर एवढ्याच गढूळपणाला ऑक्सिजन खाली आला असता. नेफेलोमीटरला माती आणि मैला यांतला फरक कळत नाही.

विहिरीचा सामू 7.2 निघाला. तेच पाणी चंचुपात्रात तासभर उघडं ठेवून हलवलं तर 7.5 झालं. भूजलात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड हवेत निघून गेला, आम्लता तेवढी उतरली. सामू जागेवरच का मोजायचा, ते यातून दिसलं.

आता तलाव. एकच जागा, साडेआठ तासांचं अंतर, आणि ऑक्सिजन 3.9 वरून 10.7. पाणी हिरवट होतं, म्हणजे शेवाळ. दिवसा शेवाळ प्रकाशसंश्लेषण करतं, पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि ऑक्सिजन सोडतं. कार्बन डायऑक्साइड गेला म्हणून सामू 7.9 वरून 9.0 वर चढला. रात्री प्रकाश नाही, श्वसन मात्र सगळ्यांचं चालू, शेवाळाचंही. पहाटे ऑक्सिजन तळाला लागतो. 30 अंशांना पाण्यात मावतो फक्त 7.56 मिग्रॅ, तरी दुपारी 10.7 भरला. दुपारच्या बाटलीच्या काचेवर पाच मिनिटांत बारीक बुडबुडे जमले, म्हणजे मोजण्याआधीच थोडा ऑक्सिजन सुटत होता.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणात आंघोळीच्या पाण्याला ऑक्सिजन किमान 5 आणि सामू 6.5 ते 8.5 लागतो, मासे आणि वन्यजीवांसाठी ऑक्सिजन किमान 4. आमचा तलाव सकाळी ऑक्सिजनवर दोन्हीकडे नापास. दुपारी ऑक्सिजनवर उत्तम पास, पण सामूवर नापास. फक्त दुपारी गेलो असतो तर "10.7, उत्तम" असं लिहून मोकळे झालो असतो. म्हणून ऑक्सिजनच्या आकड्याशेजारी वेळ लिहिली नसेल तर आम्ही तो आकडा धरणार नाही, दुसऱ्या गटाचा असला तरी.

पिण्याच्या पाण्यासाठी आयएस 10500:2012 प्रमाणे गढूळपणा 1 एनटीयूपर्यंत इष्ट, दुसरा स्रोतच नसेल तर 5 पर्यंत चालतो, सामू 6.5 ते 8.5. नळ गढूळपणात सवलतीच्या हद्दीत बसतो, विहीर इष्ट मर्यादेतच आहे. विहिरीवर मामांनी पोहरा हातात देता देता विचारलं होतं, "भाचा, पानी पेवाले चांगलं शे ना?" त्यांना या तीन आकड्यांवरून हो म्हणता येत नाही. शेजारी खत घातलेली कपाशी आहे, म्हणजे नायट्रेट बघायला हवं, आणि जंतूंची तपासणी निर्जंतुक बाटलीत वेगळा नमुना घेऊन करावी लागते. ते होईपर्यंत पाणी उकळून प्या, एवढंच त्यांना सांगितलं, आणि उकळल्याने नायट्रेट जात नाही हेही.

चुका आणि मर्यादा

तलाव सकाळ, तिसरी बाटली: झाकण तिरकं बसलं आणि मोठा बुडबुडा आत राहिला. रसायनं घालून हलवल्यावर त्यातला ऑक्सिजनही गाळात गेला आणि 4.0 च्या जागी 5.3 आला. बुडबुड्याची नोंद अनुमापनाच्या आधी, तलावाच्या काठावरच वहीत केली होती, म्हणून ते वाचन काढून टाकलं. ती नोंद नसती तर केवळ जुळत नाही म्हणून आकडा काढता आला नसता.

नळाच्या पाण्यात उरलेला क्लोरीन असेल तर तोही आयोडीन सोडतो, म्हणजे 6.7 किंचित जास्त असू शकतो. क्लोरीन आम्ही मोजला नाही.

नदीचा नमुना अर्ध्यावर पातळ केल्याने मूळ वाचनातली चूकही दुप्पट झाली. मीटर एका एनटीयूने चुकला असेल तर 68 मध्ये दोनाचा फरक पडतो.

तलावाचे नमुने फक्त काठाचे आणि वरच्या थरातले आहेत. मध्यभागी, तळाशी काय असेल ते यातून कळत नाही. होडी मिळाली तर पुढच्या वेळी पहाटे 5 पासून दर तीन तासांनी नमुने घेणार आहोत. त्यासाठी बाटल्या 24 लागतील, आमच्या गटाकडे 15 आहेत.