विषय: स्वीकारलेला नियुक्ती प्रस्ताव मागे घेतल्याबाबत – कारणे व पुढील कार्यवाही कळविण्याची विनंती

प्रति,
मा. प्रमुख, मनुष्यबळ विभाग
प्रत माहितीसाठी: मा. प्रमुख, पुरवठा नियोजन विभाग

दिनांक: २३ जुलै

महोदया,
सस्नेह नमस्कार.

वरिष्ठ पुरवठा नियोजक या पदासाठी मला दिलेला नियुक्ती प्रस्ताव मागे घेण्यात येत असल्याचा आपला २१ जुलैचा ईमेल मला मिळाला. ईमेलच्या शेवटी ‘मान्य आहे’ असे उत्तर पाठवावे, अशी सूचना आहे. ईमेल मिळाल्याची पोच मी या पत्राद्वारे देत आहे. मात्र प्रस्ताव मागे घेण्यास माझी संमती आहे असा त्याचा अर्थ कृपया घेऊ नये, कारण ज्या निर्णयामागचे कारणच मला ठाऊक नाही त्याला मी आज मान्यता देऊ शकत नाही. उत्तर पाठवायला दोन दिवस घेतले, ते जे लिहायचे ते शांतपणे आणि नीट तपासून लिहिता यावे म्हणून.

घटनाक्रम आपल्या नोंदींशी पडताळून पाहता यावा, यासाठी तो थोडक्यात मांडते. १२ जून रोजी आपल्याकडून प्रस्तावाचे पत्र आले आणि ते स्वीकारण्याची मुदत १७ जूनपर्यंत होती. १४ जून रोजी मी स्वाक्षरी केलेली प्रत पाठवली व त्याच दिवशी ती मिळाल्याचे आपल्या कार्यालयाने लेखी कळवले. त्या पोचेत, सध्याच्या ठिकाणी लवकरात लवकर राजीनामा देऊन त्याची प्रत पाठवावी, असेही नमूद होते. त्यानुसार मी १६ जून रोजी राजीनामा दिला. माझा नोटीस कालावधी ६० दिवसांचा असून १४ ऑगस्ट हा माझा कामाचा शेवटचा दिवस आहे, आणि १८ ऑगस्टला मी आपल्याकडे रुजू होणार होते. आणखी एका ठिकाणी माझी निवड प्रक्रिया अंतिम फेरीपर्यंत पोहोचली होती. आपल्याला होकार दिल्यावर दुसऱ्यांना ताटकळत ठेवणे मला योग्य वाटले नाही, म्हणून १९ जूनला मी तेथून माघार घेतली.

१६ जुलैला, म्हणजे आपल्या या ईमेलच्या पाचच दिवस आधी, लॅपटॉप कोणत्या पत्त्यावर पाठवायचा आणि ओळखपत्रावर नाव कसे छापायचे, अशी विचारणा आपल्या कार्यालयाकडून झाली होती. ओळखपत्रावरचे नाव मी दोनदा वाचून, वेलांटी तपासून पाठवले होते. २१ तारखेला उमेदवारांच्या पोर्टलवर माझ्या अर्जासमोर ‘नियुक्ती निश्चित’ऐवजी ‘बंद’ असा शेरा दिसू लागला आणि त्यानंतर तासाभराने ईमेल आला. हे मी तक्रार म्हणून नोंदवत नाही. या पाच दिवसांत नेमके काय बदलले, हा माझा प्रश्न कोठून येतो ते आपल्या लक्षात यावे, एवढ्यासाठीच हा तपशील दिला आहे.

आपल्या ईमेलमध्ये ‘अंतर्गत कारणांमुळे’ एवढेच शब्द आहेत. माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा आहे की हे कारण पदाशी संबंधित आहे की माझ्याशी. पद रद्द झाले असेल, भरती थांबवली गेली असेल किंवा विभागाची रचना बदलली असेल, तर ते मी समजू शकते. मागणीचे अंदाज खाली आले की आधी नवी खरेदी थांबते आणि पाठोपाठ नवी माणसे घेणे थांबते, हे नियोजनाच्या कामात मी स्वतः पाहिले आहे, आणि अशा वेळी निर्णय घेणाऱ्यांनाही तो सोपा नसतो. परंतु कारण माझ्या कागदपत्रांशी, पूर्वीच्या नोकरीच्या पडताळणीशी किंवा माझ्याविषयी कोणी दिलेल्या अभिप्रायाशी संबंधित असेल, तर ते मला कळणे आणि माझी बाजू मांडण्याची संधी मिळणे आवश्यक आहे. पडताळणीतली चूक वेळीच दुरुस्त झाली नाही, तर ती याच अर्जापुरती राहत नाही. पुढच्या प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो.

या संदर्भात एक बाब मी आपणहून सांगते. माझ्या सध्याच्या नोकरीतले पहिले ७ महिने मी त्याच कार्यालयात, त्याच टेबलावर, त्याच वरिष्ठांच्या हाताखाली काम करत होते, परंतु माझे वेतन मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंत्राटदाराकडून येत होते. त्यानंतर मला कायम करण्यात आले. त्यामुळे कंपनीच्या नोंदीत माझी रुजू होण्याची तारीख कायम झाल्याच्या दिवसाची आहे, तर अर्जात मी प्रत्यक्ष काम सुरू केल्याची तारीख दिली आहे. अर्जाच्या ‘अन्य माहिती’ या रकान्यात मी हे लिहिले होते आणि दुसऱ्या मुलाखतीतही सांगितले होते. तरीही पडताळणी करणाऱ्या संस्थेने फक्त कंपनीची नोंद पाहिली असेल, तर तिला या दोन तारखांत ७ महिन्यांची तफावत दिसली असणे शक्य आहे. कंत्राटदाराने दिलेले अनुभवपत्र, त्या ७ महिन्यांच्या वेतनपावत्या आणि कायम केल्याचे पत्र अशी तिन्ही कागदपत्रे सोबत जोडली आहेत. अडचण हीच असेल, तर ती एका दिवसात दूर होऊ शकेल असे मला वाटते. अडचण दुसरी काही असेल, तर पडताळणी अहवालातला संबंधित भाग मला पाहण्यास मिळावा आणि त्यावर खुलासा करण्यासाठी ३ दिवस मिळावेत, अशी विनंती आहे.

प्रस्तावाच्या पत्रातील ९व्या कलमानुसार नियुक्ती ही कागदपत्रांची व पूर्वानुभवाची पडताळणी समाधानकारक होण्यावर अवलंबून आहे. याशिवाय दुसरी कोणतीही अट मला पत्रात आढळली नाही. आपला निर्णय या कलमाखाली आहे की त्याबाहेरचा आहे, तसेच तो अंतिम आहे की फेरविचार शक्य आहे, आणि शक्य असल्यास तो कोणाकडे मागावा, हे कृपया स्पष्टपणे कळवावे.

कारण पदाशी संबंधित असल्यास काही पर्याय विचारात घेता येतील का, हे मला जाणून घ्यायचे आहे. रुजू होण्याची तारीख दोन-तीन महिन्यांनी पुढे ढकलून हे पद टिकणार असेल, तर मी त्याचा मनापासून विचार करीन. मात्र ती तारीख लेखी मिळावी. साठा नियंत्रण किंवा पुरवठादार समन्वय या शाखांमध्ये मला ९ वर्षांचा अनुभव आहे, त्यामुळे त्या विभागांत जागा रिक्त असल्यास माझ्या झालेल्या मुलाखतींच्या आधारेच माझा विचार व्हावा. ठरावीक मुदतीचे कामही मला चालेल. यातले काहीच शक्य नसेल, तर तसे स्पष्ट सांगितलेले मला अधिक उपयोगी पडेल, कारण केवळ आशेवर घालवण्याइतके दिवस माझ्याकडे उरलेले नाहीत.

दिवसांचा हिशेब असा आहे. आज माझ्या नोटीस कालावधीचा ३८वा दिवस आहे. माझ्या जागी येणाऱ्या व्यक्तीच्या मुलाखती सुरू असून अंतिम फेरी १ ऑगस्टला आहे. राजीनामा मागे घेण्याची विनंती मला करायची असेल, तर ती त्यापूर्वीच केली पाहिजे. एकदा दुसऱ्या कोणाला शब्द दिला गेला, की माझ्यासाठी तो मोडावा असे मी म्हणू शकणार नाही. माझ्या वरिष्ठांशी मी अद्याप याविषयी बोललेले नाही. मी बोलायला गेले, की त्यांचा पहिला प्रश्न ‘का?’ हाच असेल, आणि त्याचे उत्तर आज माझ्याकडे नाही. ‘अंतर्गत कारणे’ एवढेच सांगितले, तर ऐकणाऱ्याच्या मनात माझ्याविषयी शंका राहणे स्वाभाविक आहे, आणि ज्यांच्यासोबत मी इतकी वर्षे काम केले त्यांच्या मनात ती राहावी, असे मला वाटत नाही.

म्हणूनच, निर्णय काहीही असो, कारण माझ्या पात्रतेशी, वर्तनाशी किंवा कागदपत्रांशी संबंधित नसेल, तर तेवढे नमूद करणारे दोन ओळींचे पत्र आपल्या अधिकृत पत्रशीर्षावर मला द्यावे, अशी कळकळीची विनंती आहे. ते मी सध्याच्या वरिष्ठांना आणि पुढे मुलाखत घेणाऱ्यांना दाखवू शकेन. आज मला याचीच सर्वाधिक गरज आहे.

आर्थिक बाजूविषयीही स्पष्ट लिहिणे योग्य ठरेल. आपल्या लेखी पोचेतील सूचनेनुसार मी राजीनामा दिला, त्यामुळे राजीनामा मागे घेता आला नाही, तर १४ ऑगस्टनंतर माझे वेतन थांबेल. रुजू झाल्यानंतर करार संपवायचा असल्यास ३० दिवसांची सूचना किंवा तेवढे वेतन द्यावे, अशी तरतूद प्रस्तावाच्या पत्रातील ११व्या कलमात आहे. मी रुजू झालेली नसल्याने ते कलम मला जसेच्या तसे लागू होते, असा माझा दावा नाही. परंतु अशा परिस्थितीत दोन्ही बाजूंना काय रास्त वाटले होते याचे माप त्यात आहे, आणि नुकसानभरपाईचा विचार करताना ते आधार म्हणून घ्यावे, असे सुचवते. वैद्यकीय तपासणीचा खर्च मी केला असून त्याची पावती सोबत जोडली आहे. त्याची परतफेड व्हावी. या प्रकरणी मला उपलब्ध असलेले मार्ग मी अर्थातच राखून ठेवत आहे, तथापि परस्पर बोलण्यातून मार्ग निघावा, अशीच माझी इच्छा आहे.

नियुक्ती होणारच नसेल, तर माझ्या ओळखपत्राच्या प्रती, बँक खात्याचा तपशील आणि वैद्यकीय अहवाल आपल्याकडून व पडताळणी करणाऱ्या संस्थेकडून नष्ट केल्याचे कळवावे. ज्या दोन माजी वरिष्ठांची नावे मी संदर्भासाठी दिली होती, त्यांच्याशी यापुढे संपर्क साधू नये.

वरील बाबींचे लेखी उत्तर ३० जुलैपर्यंत मिळावे, अशी विनंती आहे. ही तारीख १ ऑगस्टच्या मुलाखतींमुळे धरली आहे. सर्व मुद्द्यांची माहिती तोवर जमली नाही, तर निदान कारण पदाशी संबंधित आहे की माझ्याशी, एवढे त्या तारखेपर्यंत कळवावे. बाकीचे मागाहून आले तरी चालेल. त्याआधी फोनवर अर्धा तास बोलता आले, तर बरेच गैरसमज टळतील. मी रोज सायंकाळी ६ नंतर उपलब्ध आहे, आणि आपल्याला दिवसाची वेळ सोयीची असल्यास तशी सवड काढीन. बोलण्यात जे ठरेल ते मी त्याच दिवशी ईमेलने लिहून पाठवीन.

मुलाखतींच्या तिन्ही फेऱ्यांत पुरवठा नियोजन विभागाच्या प्रमुखांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या आपुलकीने कामाविषयी चर्चा केली, ती माझ्या लक्षात आहे. पुरवठादारांच्या विलंबाची नोंद ठेवण्याची जी पद्धत त्यांनी मला फळ्यावर आखून दाखवली होती, ती मी वहीत उतरवून घेतली होती आणि रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यात काय करायचे याचा आराखडाही तयार करत होते. या विभागात काम करण्याची माझी इच्छा आजही कायम आहे.

आपल्या उत्तराची वाट पाहते. कळावे,

आपली विश्वासू,
मृणाल
(वरिष्ठ पुरवठा नियोजक पदाची उमेदवार)

सोबत: १४ जूनच्या पोचेची प्रत, राजीनाम्याची प्रत, कंत्राटदाराचे अनुभवपत्र, ७ महिन्यांच्या वेतनपावत्या, कायम केल्याचे पत्र, वैद्यकीय तपासणीची पावती.