दिवाळीची रजा

साताऱ्याच्या शनिवार पेठेतील दुकानाचे शटर अर्धे ओढून घेऊन दिगंबर मास्तर अण्णासाहेबांच्या बंद गळ्याच्या कोटाचे शेवटचे काज हाताने करत बसले होते. मशीनवर ते काम केव्हाच झाले असते; परंतु अण्णासाहेब कोट आतून उलटा करून पाहणारे गिऱ्हाईक होते आणि त्यांच्याच शब्दावर दरवर्षी शाळेच्या गणवेशांचे काम मास्तरांकडे येत असे.

मोबाइल कातरणांच्या ढिगाखाली चार्जिंगला होता. त्यावर भाच्याने दिवाळीत एक आपोआप जाणारा संदेश लावून दिला होता, तो दुकानाच्या वेळेनंतर निरोप पाठवणाऱ्यांनाच जाई. मास्तरांची गिऱ्हाइके पायरीवर येऊन बोलणारी असल्यामुळे फेब्रुवारी उजाडला तरी तो कोणाच्या लक्षात आला नव्हता.

बारा वाजून पाच मिनिटांनी अण्णासाहेबांनी विचारले, ‘मास्तर, कोट झाला का? सकाळी नऊ पंचावन्नचा मुहूर्त आहे.’

त्याच क्षणी उत्तर गेले : ‘नमस्कार! दिवाळीनिमित्त दुकान बंद आहे. आपल्याशी सोमवारी संपर्क साधू. शुभ दीपावली!’

त्याखाली अण्णासाहेबांचा एकच शब्द होता : ‘बरे.’

पाऊण वाजता काज संपवून मास्तरांनी मोबाइल हातात घेतला, तेव्हा शिव्यांपेक्षाही त्या ‘बरे’ने त्यांना घाम फुटला. त्यांनी तीनदा फोन लावला, पण तो कोणी उचलला नाही. मग त्यांनी कोटावर घाईने इस्त्री फिरवली, तो हँगरसकट चादरीत गुंडाळला आणि स्कूटर काढली.

मांडवातल्या दिव्यांखाली अण्णासाहेब आपल्या थोरल्या मुलाच्या लग्नातला जुना कोट अंगात अडकवून, श्वास रोखून उभे होते आणि काकू दाढीच्या ब्लेडने त्याची बगलेखालची शिवण उसवत होत्या.

‘काकू, ब्लेड खाली ठेवा! कापड जाईल,’ मास्तर दारातूनच ओरडले.

‘तुमची तर दिवाळी चालली आहे ना?’ अण्णासाहेबांनी मान न वळवता विचारले.

मास्तरांनी भाच्याचे, मोबाइलचे आणि दुकानाच्या वेळेचे जे काही सांगितले, त्यातले निम्मे त्यांचे त्यांनाही कळले नाही. त्यांनी चादर सोडली. अण्णासाहेबांनी नवा कोट प्रथम उलटा केला, अस्तरावरून बोट फिरवले, प्रत्येक काज दिव्याजवळ नेऊन पाहिले आणि मगच हात बाह्यांत घातले. कोट खांद्यावर नीट बसला; गळ्याचे बटणही ओढ न लागता लागले.

‘छान झालाय,’ ते म्हणाले.

मास्तरांनी खिशातून बिलाची चिठ्ठी हळूच पुढे केली. ती न उघडताच अण्णासाहेबांनी त्यांच्या हातात परत ठेवली.

‘आपल्याशी सोमवारी संपर्क साधू,’ ते म्हणाले आणि काकूंना त्यांनी मास्तरांसाठी चहा टाकायला सांगितला.